पडू नये असा खडा

आमच्या घरात पोटाच्या वरच्या भागात काहीही झालं तरी त्याला एकच नाव होतं, पित्त. डोकं दुखलं तर पित्त चढलं, आंबट ढेकर आला तर पित्त झालं, प्रवासात मळमळलं तर पित्त खवळलं. सासूबाईंकडे त्यावर उपायही ठरलेले. आवळ्याची सुपारी, कोकमाचं सरबत आणि फार झालं तर ग्लासभर थंड दूध. मी लग्न होऊन गिरगावच्या या चाळीत आले तेव्हापासून तेवीस वर्षं याच तिघांवर आमचं भागत आलं. म्हणून एका मे महिन्यात, दादरला एका रिसेप्शनहून परतल्यावर रात्री अकराच्या सुमारास बरगड्यांखाली मधोमध दुखायला लागलं, तेव्हा आम्ही कुणीच दुसरा विचार केला नाही.

जेवण नऊला झालं होतं. कोथिंबीर वडी, पनीरची तेलाचा तवंग असलेली भाजी, पुऱ्या, वर गाजरहलवा. दुखणं आलं ते हळू आलं, पण अर्ध्या तासात असं चढलं की मला बसवेना आणि झोपवेना. कळ म्हणतात तसं ते येऊन जाऊन नव्हतं. एकदा चढलं ते तिथेच थांबलं, आतून कुणी मूठ आवळून धरावी तसं. मग ते उजवीकडे सरकलं आणि उजव्या खांद्याच्या मागे, पाठीच्या फऱ्याखाली जाऊन बसलं. उलटी झाली, पण उलटीनंतर जो मोकळेपणा येतो तो आला नाही. सासूबाईंनी दूध दिलं. मी ते सगळं प्यायले. दुखणं कमी व्हायचं सोडून पुढचा तासभर तसंच राहिलं. दीड वाजता ते गेलं आणि असं गेलं की सकाळी मी पोहे खाऊन कामावर गेले.

त्या दुधाबद्दल पुढे मला कळलं ते इथेच सांगते, कारण हा उपाय आपल्याकडे घरोघरी करतात. आमच्याकडे येणारं दूध फुल क्रीम, म्हणजे सहा टक्के स्निग्धांशाचं. दोनशे मिलीच्या ग्लासात बारा ग्रॅम स्निग्ध पदार्थ. छातीत जळजळत असेल तर थंड दुधाने घटकाभर बरं वाटतं. पण मला जळजळ नव्हतीच. मला जे झालं होतं त्यात स्निग्ध पदार्थ म्हणजे दुखण्याला पुन्हा हाक मारणं होतं.

आपल्या बोलण्यातलं पित्त म्हणजे बहुतेक वेळा जठरातलं आम्ल. शरीरशास्त्रातलं पित्त वेगळं. ते यकृतात तयार होतं, हिरवट पिवळं असतं, दिवसाला अर्धा ते एक लिटर. चरबी पचायला ते लागतं. दोन जेवणांच्या मधल्या वेळात त्याचा काही भाग यकृताखालच्या एका छोट्या पिशवीत साठतो. हे पित्ताशय, जेमतेम तीस ते पन्नास मिलीचं. त्यात पित्तातलं पाणी शोषलं जाऊन ते दाट होतं. आपण तुपातलं, तेलातलं काही खाल्लं आणि ते जठरातून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उतरलं की आतड्याच्या अस्तरातून एक संप्रेरक रक्तात सुटतं. १९२८ साली अमेरिकेत आयव्ही आणि ओल्डबर्ग यांनी ते शोधलं आणि नाव ठेवलं कोलेसिस्टोकायनिन, म्हणजे पित्ताशयाला हलवणारं. त्याचा निरोप पोचला की पित्ताशय आकसतं आणि पित्त नळीवाटे आतड्यात येतं.

पित्ताशयात खडे असतील तर नेमकी इथेच गाठ पडते. पिशवी आकसते, एखादा खडा तोंडाशी येऊन अडकतो, आणि पिशवी बंद दारावर दाबत राहते. हेच ते दुखणं. पिशवी सैल पडली, खडा मागे घरंगळला, की दुखणं संपतं. म्हणून ते जेवणानंतर तासा-दोन तासांनी येतं, बऱ्याचदा रात्री येतं, अर्ध्या तासापासून पाच-सहा तासांपर्यंत राहतं आणि मग पूर्ण जातं. मधल्या दिवसांत माणूस अगदी ठणठणीत असतो. या ठणठणीतपणानेच आम्हाला फसवलं.

दुसरी वेळ आषाढी एकादशीची. त्या दिवशी सकाळपासून चहाशिवाय काही नाही आणि दुपारी तीनला साबुदाण्याची खिचडी. उपवासाचं म्हणजे हलकं, हा आपला समज. मी नंतर घरातल्या वाटीने मोजून पाहिलं. माझ्या एका ताटलीत चाळीस ग्रॅम दाण्याचं कूट होतं. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मी चरबी असते, म्हणजे वीस ग्रॅम तिथेच झाली. वर फोडणीचं तूप माझ्या वाट्याला एक मोठा चमचा, म्हणजे आणखी चौदा ग्रॅम. तेल सुटलेल्या रश्श्याचं जेवण जेवल्यासारखंच हे झालं, आणि तेही रात्रीपासून अठरा तास साठून दाट झालेल्या पित्तावर. पाच वाजता दुखायला लागलं. तेव्हा मी देवाधर्माच्या दिवशी काही चुकलं का, याचा विचार करत पडून राहिले.

तिसरी वेळ गटारीची. परळला नणंदेकडे मटण झालं. या वेळी घाम फुटला, नवरा घाबरला आणि रात्री साडेबाराला मला जवळच्या इस्पितळात नेलं. तिथे सर्वांत आधी ईसीजी काढला. मला वाटलं, पोट दुखतंय आणि हे छातीला तारा काय लावतात! पण तेच बरोबर होतं. चाळिशीनंतर पोटाच्या वरच्या भागात असं दुखत असेल तर ते हृदयाचं नाही ना, हे आधी पाहावं लागतं. ईसीजी चांगला आला. तिथल्या तरुण डॉक्टरने उजव्या बरगडीखाली बोटं दाबून मला खोल श्वास घ्यायला सांगितला, थोडं दुखलं, पण श्वास अडला नाही. पित्ताशयाला सूज असती तर त्या दाबाखाली श्वास मध्येच थांबला असता, असं तो म्हणाला. इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासात दुखणं उतरलं. मग त्याने विचारलं, "याआधी कधी सोनोग्राफी केली होती?"

दुसऱ्या दिवशी केली. उपाशीपोटी, कारण जेवल्यावर पित्ताशय आकसतं आणि आतलं नीट दिसत नाही. डॉक्टरांनी मला कुशीवर वळायला लावलं आणि पडदा माझ्याकडे फिरवला. काळ्या पिशवीच्या तळाशी पांढरे ठिपके होते. मी वळले तसे तेही घरंगळले, आणि प्रत्येकाच्या मागे काळी सावली पडत होती. अहवालात होतं की खडे अनेक आहेत, सर्वांत मोठा ९ मिलिमीटरचा, बाकीचे बरेचसे ३ ते ५ मिलिमीटरचे. पित्ताशयाची भिंत जाड झालेली नाही. मुख्य पित्तनळी ४ मिलिमीटर, म्हणजे फुगलेली नाही. रक्तातल्या यकृताच्या तपासण्या ठीक.

मी अहवाल वाचून सुटकेचा श्वास सोडला. खडे लहान आहेत, हे मला बरं वाटलं. त्या वेळी मला जे कळायला हवं होतं ते नेमकं याच्या उलट होतं.

सर्जन शांत माणूस होते. म्हणाले, घाई नाही, पण ऑपरेशन ठरवून करून घ्या. मी विचारलं, पथ्य पाळलं तर? ते म्हणाले, "पथ्याने दुखणं कमी होईल. खडे कमी होणार नाहीत." हे वाक्य मी ऐकलं, पण त्यातला पहिला अर्धाच घरी घेऊन आले.

पथ्य मी मनापासून केलं, आणि त्याचा उपयोग झाला नाही असं मी म्हणणार नाही. सगळ्यात आधी तेलाचा हिशेब केला. आम्ही चौघं, महिन्याला पाच लिटरचा डबा. म्हणजे माणशी दिवसाला चाळीस मिलीच्या वर, साधारण अडतीस ग्रॅम चरबी फक्त तेलातून. त्यात तूप, दूध, खोबरं, दाणे धरलेलेच नाहीत. डबा दोन महिने पुरवायचा असं ठरवलं. फोडणी मोजलेल्या दोन चमच्यांची झाली. पापलेट तळायचं बंद झालं, त्याचं तिखलं सुरू झालं. ओल्या खोबऱ्याचं वाटण निम्मं केलं आणि उरलेला दाटपणा भाजलेल्या कांद्याने आणला. दूध टोन्ड. साबुदाण्याऐवजी वरीचे तांदूळ आणि ताक.

यातून एक गोष्ट लवकर ध्यानात आली. दिवसभरात एकूण किती खाल्लं यापेक्षा एका बैठकीत किती चरबी पोटात गेली, याला पित्ताशय जास्त ओरडतं. सकाळी चमचाभर तूप वरणभातावर चालायचं, रात्री तीन चमचे एकदम चालायचे नाहीत. आणि चरबी पूर्ण बंद करणंही बरोबर नव्हतं. आहारतज्ज्ञ बाईंनी मला तेच सांगितलं, की अजिबात चरबी नाही म्हणजे पित्ताशय रिकामंच होत नाही, पित्त साचून राहतं, आणि साचलेल्या पित्तातच खडे धरतात. लांबच्या उपासाने तेच होतं. म्हणून संकष्टीचा माझा दिवसभराचा उपास त्यांनी सोडायला लावला. सासूबाईंना हे आवडणार नाही अशी मला धास्ती होती. त्या म्हणाल्या, "तुझ्या वाटचा मी करते."

त्याच भेटीत बाईंनी विचारलं, गेल्या दोन-तीन वर्षांत वजन झपाट्याने उतरलं होतं का? उतरलं होतं. आदल्या वर्षी भाच्याच्या लग्नासाठी मी सहा आठवड्यांत दहा किलो कमी केले होते. संध्याकाळी फक्त काकडी. सगळ्यांनी कौतुक केलं होतं. शरीरातली चरबी इतक्या वेगाने वितळते तेव्हा यकृत पित्तात कोलेस्टेरॉल जास्त सोडतं, आणि खायला नसल्यामुळे पित्ताशय आकसत नाही. या दोन्हींतून खडे होतात. माझे खडे त्यातूनच झाले असं कुणी ठामपणे सांगू शकत नाही. बाई असणं, दोन बाळंतपणं, चाळिशी, आईला असलेले खडे, हेही सगळं त्यात होतंच. पण तो प्रश्न मला लागून राहिला. आठवड्याला दीड किलोहून जास्त वजन उतरवू नये, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं.

चौदा महिने काही झालं नाही. मध्ये एकदा सोनोग्राफी केली, खडे होते तेवढेच. न वाढलेले खडे मला विरघळत चाललेले वाटायला लागले.

त्या काळात मला सल्ले मिळाले त्यातले बहुतेक मुतखड्याचे होते. कुळथाचं कढण, बार्लीचं पाणी, पानफुटीची पानं, भरपूर पाणी. चाळीतल्या एका काकांचा मुतखडा असाच पडला होता आणि ते तो कागदात बांधून दाखवतही असत. "पडून जाईल बघ," ते मला दर वेळी म्हणायचे. चूक त्यांची नव्हती. भाषेत दोन्हीला खडाच म्हणतात. पण पाणी प्यायलं की ते मूत्रपिंडातून वाहतं, तिथला लहान खडा लघवीबरोबर ढकलला जातो. पित्ताशयातून पाणी वाहत नाही. तिथे पोटातून सरळ काहीच जात नाही. आणि तिथला खडा पडला तर तो बाहेर पडत नाही, मुख्य पित्तनळीत पडतो. ती नळी आतड्यात जिथे उघडते, तिथेच स्वादुपिंडाची नळीही उघडते. त्या एका तोंडाशी खडा बसला तर यकृताचं पित्त तुंबतं, कावीळ होते, तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले तर थंडी वाजून ताप येतो, आणि स्वादुपिंडाला सूज आली तर जिवावर बेततं. नऊ मिलिमीटरचा खडा सहसा पित्ताशयातून निघूच शकत नाही. तीन-चार मिलिमीटरचे निघतात. मला बरं वाटावं असे जे खडे होते, तेच मला अपायकारक होते.

एका मैत्रिणीने ऑलिव्ह तेल आणि लिंबाच्या रसाचा उपाय पाठवला होता. रात्री कपभर तेल, कपभर रस, सकाळी हिरव्या गोळ्या पडतात, ते खडे. मी तो करायच्या अगदी जवळ आले होते. त्या गोळ्या खडे नसतात. २००५ साली द लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात अशाच एका बाईच्या गोळ्यांची तपासणी छापून आली. त्या तेल आणि रसापासून पोटातच तयार झालेल्या साबणाच्या होत्या. त्यात कपभर तेल एकदम पिणं म्हणजे खडे असलेल्या पित्ताशयाला जोरात पिळणं, हे मला आता नुसतं आठवलं तरी अंगावर काटा येतो. खडे विरघळवणारी गोळी खरी आहे, पण सर्जनने सांगितल्याप्रमाणे ती फक्त कोलेस्टेरॉलच्या, लहान, कॅल्शियम न धरलेल्या खड्यांवर चालते. सहा महिने ते दोन वर्षं घ्यावी लागते, आणि थांबवल्यावर पाच वर्षांत निम्म्या लोकांत खडे परत होतात. पिशवी तीच राहते ना.

कोजागिरीला आमच्या चाळीच्या गच्चीवर दूध आटवतात. मोठं पातेलं, बदाम-पिस्ते, केशर, जायफळ. चौदा महिन्यांच्या शांततेनंतर मी एक पेला घेतला. रात्री साडेअकराला. साडेबाराला दुखायला लागलं आणि सकाळी सात वाजले तरी ते थांबलं नव्हतं. आधीच्या तिन्ही वेळांहून ते वेगळं आहे, हे मला त्या सहा-सात तासांत कळलं. दुखणं पाच-सहा तासांच्या पुढे गेलं तर घरी बसायचं नसतं. मी बसले. सकाळी उतरलं म्हणून झोपले.

दुसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी झाली. तिसऱ्या दिवशी अंगाला खाज सुटली आणि शौचाचा रंग मातकट पांढरा. मुलगी म्हणाली, "आई, खिडकीशी ये बरं." तिने माझे डोळे उजेडात पाहिले आणि काही न बोलता बापाला फोन लावला.

रक्तात बिलिरुबिन ४.६ आलं, ते एकच्या आसपास असायला हवं. पित्तनळी चारची नऊ मिलिमीटर झालेली. एमआरआयच्या एका प्रकारात नळ्यांचं चित्र काढतात, त्यात नळीच्या तळाशी एक पाच मिलिमीटरचा खडा दिसला. खडा पडला होता. नशीब एवढंच की ताप नव्हता आणि स्वादुपिंडाची तपासणी ठीक होती.

एका गोष्टीऐवजी आता दोन करायच्या होत्या. आधी गुंगीत, तोंडातून दुर्बीण आतड्यापर्यंत नेऊन, नळीच्या तोंडाला छोटा छेद देऊन खडा ओढून काढायचा. याला इआरसीपी म्हणतात. ती करताना शंभरातल्या काही जणांना त्या क्रियेनेच स्वादुपिंडाला सूज येते, हे त्यांनी आधी सांगितलं आणि सही घेतली. मग तिसऱ्या दिवशी, त्याच मुक्कामात, पित्ताशय काढायचं. मी विचारलं, खडा निघाला ना, मग पित्ताशय कशाला? सर्जनने पिशवीतल्या बाकीच्या खड्यांकडे बोट दाखवलं. एक गेला, वीस रांगेत आहेत.

मग मी तो प्रश्न विचारला जो, ते म्हणाले, प्रत्येक पेशंट विचारतो. फक्त खडे काढून पिशवी ठेवता येत नाही का? बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख याने १८८२ साली पहिल्यांदा पित्ताशय काढलं ते याच विचाराने, की आजार खड्यांचा नाही, खडे करणाऱ्या पिशवीचा आहे. पिशवी ठेवली तर काही वर्षांत पुन्हा तेच. आणि पिशवीशिवाय माणसाचं अडत नाही, कारण पित्त यकृत करतं. साठा गेला तरी उगम राहतो. ते थेंबाथेंबाने सतत आतड्यात येत राहतं.

भीती मला होतीच. माझ्या आईचं पित्ताशय १९८४ साली काढलं होतं. तिच्या बरगडीखाली तिरका, वीतभर लांब व्रण होता, आणि आम्ही दहा दिवस इस्पितळाच्या पायऱ्यांवर डबा घेऊन बसायचो. ती पुढे कित्येक महिने खोकताना पोटाला उशी धरायची. मला तेच डोळ्यांसमोर होतं. दुर्बिणीने पित्ताशय काढायचं ऑपरेशन भारतात पहिल्यांदा झालं ते १९९० साली, आपल्याच मुंबईत, जे. जे. रुग्णालयात, डॉ. तेहमटन उदवाडियांच्या हातून. आईला सहा वर्षं उशीर झाला असता तर तिचं पोट वेगळं दिसलं असतं.

सर्जनने मला धोकाही आकड्यात सांगितला, हे मला आवडलं. पित्ताशयाची नळी कापताना चुकून मुख्य पित्तनळीला इजा होणं, हजारात साधारण तीन ते पाच जणांना. झालीच तर मोठी गोष्ट, पुन्हा मोठं ऑपरेशन. म्हणून आत दोनच रचना, एक नळी आणि एक रक्तवाहिनी, पिशवीत शिरताना स्वच्छ दिसल्याशिवाय ते कात्री लावत नाहीत. सूज फार असेल, ओळख पटत नसेल, तर दुर्बीण थांबवून पोट उघडतात. तो पराभव नव्हे, तसं आधीच ठरवलेलं असतं. ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये हे सगळं सोपं असतं, सूज आल्यावर अवघड होतं. मला ते ऐकताना ते चौदा महिने दिसत होते.

चार छिद्रं. बेंबीजवळचं एक आणि वरचं एक सेंटिमीटरभराचं, दोन त्याच्या निम्मी. दुसऱ्या दिवशी चालले. पोटापेक्षा उजवा खांदा जास्त दुखला, कारण पोट फुगवायला भरलेल्या वायूचा उरलेला अंश वर, छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याशी लागतो. ते दोन-तीन दिवसांत गेलं. काढलेलं पित्ताशय तपासणीला पाठवतात, ते पाठवलंच पाहिजे, माझा अहवाल जुनी सूज एवढाच आला. आणि एका छोट्या बाटलीत माझे खडे मिळाले. घरी ताटात ओतून मोजले. तेवीस. एक हरभऱ्याएवढा, बाकीचे तुरीच्या डाळीसारखे आणि तांदळाच्या कणीसारखे. काका ते बघायला आले. हातात बाटली धरून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "मी तुला पडू दे म्हणत होतो गं."

पहिले तीन-चार आठवडे जरा तेलकट झालं की जुलाब व्हायचे, कारण साठवून मग एकदम सोडायची सोय राहिली नव्हती. पेज, मऊ भात, तोंडलीची भाजी, हळूहळू वाढवत गेले. आता पाच महिने झाले. परवा गुरुवारी बऱ्याच दिवसांनी साबुदाण्याची खिचडी केली, कूट निम्मं घालून. मुलीला ती कोरडी वाटली. मला काही झालं नाही.

माझ्या थोरल्या बहिणीची गोष्ट मात्र उलटी आहे, आणि ती सांगितली नाही तर माझं लिहिणं अर्धवट राहील. माझं पाहून ताईने डोंबिवलीला सोनोग्राफी केली. तिलाही खडा निघाला, एकच, दीड सेंटिमीटरचा. तिला असं दुखणं कधीच झालेलं नाही. गॅस होतो, पोट फुगतं, एवढंच. ती ऑपरेशनची तारीख घ्यायला निघाली होती. सर्जनने तिला परत पाठवलं. गप्प असलेले खडे बऱ्याच जणांत जन्मभर गप्पच राहतात, वर्षाला शंभरातल्या एक-दोघांनाच त्रास सुरू होतो, आणि तिचा गॅस पित्ताशय काढून जाईल याची खात्री नाही. फक्त, एकदा का ते ठरावीक दुखणं आलं, की मग खडा गप्प राहिला नाही असं समजायचं आणि माझ्यासारखं थांबायचं नाही. ताईला हे पटायला वेळ लागला. तिला वाटत होतं की तिला कमी लेखलं जातंय.

गेल्या आठवड्यात सासूबाईंना त्यांच्या बहिणीचा चिपळूणहून फोन आला. पित्ताने हैराण झालेय म्हणत होत्या. मी स्वयंपाकघरात होते, मला फक्त इकडची बाजू ऐकू येत होती. सासूबाई म्हणाल्या, "जळजळतंय की दुखतंय?" मग थोडा वेळ गेला. "जेवल्यावर किती वेळाने?" मग, "खांद्यात जातं का गं, उजव्या?" आणि शेवटी, "दूध नको पिऊस. मी सांगते म्हणून नको पिऊस. आधी सोनोग्राफी कर, उपाशीपोटी."